शुक्रवार, 27 नोव्हेंबर

पुरवठादाराला जाणाऱ्या सगळ्या मेलमध्ये मला सर्वांत जपून लिहावीशी वाटते ती मेल जेमतेम दहा-बारा ओळींची असते. आमच्याकडे अंतर्गत ऑडिट चालू आहे, त्यामुळे तुमचं पेमेंट ठरलेल्या दिवशी होणार नाही, अमुक तारखेला होईल. मजकूर म्हणाल तर एवढाच. पण अकाउंट्स पेएबलमध्ये, म्हणजे बिलं तपासून पैसे सोडण्याच्या विभागात, इतकी वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालं आहे की या मेलचं खरं काम ती लिहायला बसण्याआधीच संपलेलं असावं लागतं. मेलमधली तारीख सुचत नाही, ती माणसांकडून मिळवावी लागते. ज्यांनी ती मिळवलेली नसते, त्यांच्या मेलमध्ये ‘लवकरात लवकर’ आणि ‘ऑडिट पूर्ण झाल्यावर’ असे शब्द येतात.

पलीकडच्या माणसाच्या बाजूने आधी बघू. त्याने माल दिला किंवा काम केलं, बिल पाठवलं, मुदत संपत आली आणि अचानक ‘ऑडिट’ हा शब्द समोर आला. त्याच्या मनात लगेच दोन शंका येतात. पहिली, माझ्या बिलात काही खोट सापडली का? दुसरी, यांच्याकडे पैसे संपले आहेत आणि ऑडिट ही नुसती सबब आहे का? दोन्ही रास्त आहेत, कारण दोन्ही गोष्टी घडतात. मेलने या दोन शंकांना उत्तर दिलं नाही तर तारीख कितीही पक्की असली तरी तिच्यावर विश्वास बसत नाही. आणि तिसरा प्रश्न तर त्याच्या टेबलावरच पडलेला असतो: या पैशांवर मी पुढे कोणाकोणाला शब्द दिलाय? पगार, कर, कच्च्या मालाचं देणं, बँकेच्या ओव्हरड्राफ्टची मर्यादा. उशीर किती दिवसांचा, हे कळलं तर तो यातलं बरंच सांभाळू शकतो. ते कळलं नाही तर त्याला सगळंच थांबवून ठेवावं लागतं. दोन आठवड्यांचा नक्की उशीर हा एका आठवड्याच्या ‘बहुतेक’ उशिरापेक्षा त्याला स्वस्त पडतो.

आता ऑडिटबद्दल एक गोष्ट, जी आमच्याच विभागातले लोकही सहसा नीट लक्षात घेत नाहीत. अंतर्गत ऑडिटरने पेमेंट अडवलं, असं आपण सर्रास म्हणतो. वास्तविक पेमेंट अडवणं हे ऑडिटरचं काम नाही. तो तपासतो, प्रश्न विचारतो, निरीक्षण नोंदवतो, शिफारस करतो. ज्या कारभाराची तपासणी करायची त्याचे निर्णय स्वतः घ्यायचे नाहीत, हे त्याच्या स्वातंत्र्याचं मूळ आहे. पैसे रोखून धरण्याचा निर्णय वित्त विभागाचा असतो. एखाद्या प्रकारच्या बिलांवर ऑडिटचे प्रश्न आले, तर उत्तरं मिळेपर्यंत ती बिलं सोडायची नाहीत, असं वित्तप्रमुख ठरवतो आणि सिस्टिममध्ये त्या बिलांवर पेमेंट ब्लॉक लागतो.

हा फरक कागदी वाटेल, पण पक्की तारीख मिळते ती याच फरकामुळे. ब्लॉक ऑडिटरने लावला असता तर तो काढायला त्याच्या अहवालाची वाट बघावी लागली असती, आणि अहवालाचं काही सांगता येत नाही. मसुदा, मग विभागांची उत्तरं, मग बैठक, मग अंतिम प्रत. ब्लॉक आपणच लावला आहे म्हटल्यावर तो कोणत्या अटीवर आणि कोणत्या दिवशी काढायचा, हेही आपणच ठरवू शकतो. म्हणून ‘ऑडिट कधी संपेल?’ हा प्रश्न मी विचारतच नाही. ‘या पुरवठादाराच्या या बिलांवरचे प्रश्न कधी संपतील, आणि नाही संपले तर पैसे सोडण्यावर सही कोण करेल?’ असं विचारते. पहिल्या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसतं. दुसऱ्याला दोन दिवसांत मिळतं.

एक प्रकरण तपशिलात सांगते. यंत्रांच्या देखभालीचं काम करणारा एक पुरवठादार. त्याची तीन बिलं गुरुवारी, 12 नोव्हेंबरला देय होती. दोन बिलं देखभालीच्या कामाची, एक सुट्या भागांचं. माल घेतला की तपासणी सोपी असते: खरेदी आदेश, माल मिळाल्याची नोंद आणि बिल, तिन्ही कागद जुळले की झालं. सेवेच्या बाबतीत तिसरा पाय जरा लंगडा असतो. काम झालं याचा पुरावा म्हणजे त्या विभागातल्या कोणीतरी सही केलेला काम पूर्ण झाल्याचा दाखला. त्या वर्षीच्या अंतर्गत ऑडिटने नेमकं तिथेच बोट ठेवलं. काही दाखल्यांवर ज्यांच्या सह्या होत्या, त्यांना तेवढ्या रकमेच्या कामावर सही करायचे अधिकार होते का? प्रश्न योग्य होता. शुक्रवारी, 6 तारखेला वित्तप्रमुखांनी सेवेची सगळी बिलं रोखून धरायचं ठरवलं.

‘सगळी’ हा शब्द आला की मी आधी यादी काढते. पुरवठादाराचं नाव रोखलेल्या यादीत आलं म्हणजे त्याचं प्रत्येक बिल रोखायचं असतं असं नाही. पण ब्लॉक बिलाऐवजी पुरवठादाराच्या खात्यावरच लावून टाकणं सोपं पडतं, आणि मग ज्यांचा प्रश्नाशी संबंध नाही ती बिलंही अडकतात. इथे सुट्या भागांच्या बिलावर मालाची रीतसर नोंद होती. त्यावर कोणाचाच आक्षेप नव्हता. तेव्हा ते 12 तारखेलाच जायला हवं होतं आणि गेलंही. उशिराच्या मेलमध्ये ‘एक बिल वेळेवर येतंय’ हे वाक्य असलं की सबबीची शंका निम्मी तिथेच विरते. पैसे नसलेली कंपनी असं बिल वेगळं काढून देत नाही.

उरलेल्या दोन बिलांची तारीख मी शेवटापासून मागे मोजत आणली. आमचा पेमेंट रन, म्हणजे बँकेला एकगठ्ठा सूचना जायचा दिवस, गुरुवारचा. त्याची यादी बुधवारी दुपारी बंद होते. गुरुवारी पैसे निघतात आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्यात शुक्रवारी दिसतात. म्हणजे पुरवठादाराला सांगण्याजोगा दिवस शुक्रवारच असू शकतो. इथे पुष्कळांची गल्लत होते. आपण ‘गुरुवारी पेमेंट होईल’ असं लिहितो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर आपली सूचना असते, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्याचं पासबुक. पैसे निघण्याचा दिवस आपल्या कामाचा आहे. त्याला द्यायची तारीख खात्यात जमा होण्याचीच असली पाहिजे, आणि त्या दिवशी दोन्हीकडच्या बँका उघड्या आहेत ना, हेही बघून घ्यायला हवं.

मग प्रश्न उरला, कुठला शुक्रवार. ऑडिट टीमच्या प्रमुखांना मी भेटले आणि ही दोन बिलं त्यांच्या पहिल्या गठ्ठ्यात घेता येतील का, असं विचारलं. कोणता नमुना तपासायचा हे त्यांनीच ठरवायचं, त्यात मी ढवळाढवळ करत नाही. पण निवडलेल्यातलं आधी काय बघायचं, यावर बोलायला त्यांची हरकत नसते. बुधवार, 18 पर्यंत तपासणी आणि शुक्रवार, 20 पर्यंत लेखी प्रश्न, असं त्यांनी सांगितलं. देखभाल विभागाच्या प्रमुखांनी उत्तरांसाठी सोमवारचा दिवस मागितला. त्या हिशेबाने बुधवारी, 25 तारखेला दुपारी यादी बंद व्हायच्या आत ब्लॉक निघू शकत होता आणि मंगळवारचा अख्खा दिवस हाताशी उरत होता. ही सवड मी मुद्दाम उत्तरांच्या नंतर ठेवते. ती ऑडिटरच्या वाट्याला घातली की काम तेवढं पसरतं आणि सवड संपून जाते.

एवढ्यावर तारीख शक्य झाली होती, पक्की झाली नव्हती. ती पक्की झाली वित्तप्रमुखांच्या एका लेखी ओळीने. बुधवारी दुपारपर्यंत एखादा प्रश्न शिल्लक राहिला, तर अधिकार असलेल्या व्यक्तीने काम झाल्याची लेखी खात्री दिल्यावर ही दोन बिलं सोडायची आणि उरलेली तपासणी पैसे गेल्यानंतर चालू ठेवायची. ऑडिट पेमेंटनंतरही होऊ शकतं, बहुतेक वेळा तसंच होतं. या ओळीविना मी 27 तारीख लिहिली नसती. ज्या तारखेमागे कोणाची सही नाही ती इच्छा असते, आणि आपली इच्छा पुरवठादाराला कळवून उपयोग नाही.

सोमवारी, 9 तारखेला सकाळी मेल गेली. ती अशी होती.

विषय: बिल क्र. 418 व 431 – पेमेंटची नवी तारीख शुक्रवार, 27 नोव्हेंबर

महोदय,

आपली बिलं क्र. 418 व 431 (यंत्र देखभाल) गुरुवार, 12 नोव्हेंबर रोजी देय आहेत. या दोन बिलांची पूर्ण रक्कम त्या दिवशी न मिळता शुक्रवार, 27 नोव्हेंबर रोजी आपल्या खात्यात जमा होईल.

आमच्याकडे सेवांच्या बिलांवरील मंजुरीच्या पद्धतीचं अंतर्गत ऑडिट चालू आहे. ते पूर्ण होईपर्यंत या प्रकारची बिलं आम्ही रोखली आहेत. आपल्या कामाबद्दल किंवा बिलांतील रकमेबद्दल आजपर्यंत कोणताही आक्षेप आलेला नाही. आपल्याकडून कोणताही कागद नको आहे.

बिल क्र. 427 (सुटे भाग) या तपासणीत येत नाही. त्याची रक्कम ठरल्याप्रमाणे निघेल.

बिलांची मूळ देय तारीख आमच्या नोंदीत 12 नोव्हेंबर हीच राहील. कराराच्या अटींत काहीही बदल नाही. आपल्या बँक खात्याच्या तपशिलातही बदल नाही आणि तो आम्ही मागितलेला नाही.

या उशिरामुळे आपली होणारी अडचण आम्ही जाणतो आणि त्याबद्दल दिलगीर आहोत. 27 तारखेबद्दल काहीही विचारायचं असल्यास माझ्याशी थेट बोलावं.

आता यातल्या काही ओळींविषयी. तारीख विषयातच आहे, कारण अशी मेल उघडणारा माणूस पुष्कळदा ती लगेच पुढे पाठवतो: मालकाला, हिशेबनिसाला, बँकेला. त्यांनी फक्त विषय वाचला तरी भागलं पाहिजे. ‘ऑडिट चालू आहे, ते संपेपर्यंत’ असं लिहिताना मात्र मला थोडी भीती वाटते. त्यातून तारीख पुन्हा ऑडिटच्या गळ्यात पडते. म्हणून कारण दुसऱ्या परिच्छेदात आणि तारीख पहिल्यात, तीही कोणत्याही ‘जर’शिवाय. आणि ‘आम्ही रोखली आहेत’. आम्ही. ऑडिटरने नव्हे.

‘आजपर्यंत कोणताही आक्षेप आलेला नाही’ यातला ‘आजपर्यंत’ हा शब्द ठेवावा की नाही, यावर आमच्याकडे चर्चा झाली. एका सहकाऱ्याचं म्हणणं, त्याने धाकधूक वाढते. मी तो ठेवला, कारण तपासणी व्हायची होती आणि तिचा निकाल आधी सांगण्याचा अधिकार मला नव्हता. खरं तेवढंच लिहायचं. पुढे खरोखर काही सापडलं असतं, समजा तासांचा हिशेब जुळला नसता, तर तो उशीर राहिला नसता, वाद झाला असता. त्याची वेगळी मेल, वेगळी कारणं, आणि जेवढ्या रकमेवर वाद नाही तेवढी 27 तारखेलाच. हे दोन विषय एकाच मेलमध्ये मिसळले की पुरवठादाराला वाटतं, ऑडिटच्या नावाखाली बिल कापायची तयारी चालू आहे.

ऑडिटचे प्रश्न नेमके काय आहेत, कोणाच्या सह्यांवर आहेत, हे मेलमध्ये नाही. ते बाहेर जाता कामा नये. त्यात आतल्या माणसांची नावं असतात आणि अजून कोणावर काही सिद्ध झालेलं नसतं. शिवाय पुरवठादार स्वतःही त्या तपासणीच्या कक्षेत असू शकतो. ‘मंजुरीच्या पद्धतीचं ऑडिट’ एवढं पुरेसं आहे. त्याला कळतं की प्रश्न आमच्या घरातला आहे.

मूळ देय तारखेची ओळ माझ्या आग्रहाची. अशा वेळी सिस्टिममध्ये बिलाची मुदतच पुढे सरकवून टाकायचा मोह होतो, कारण मग थकलेल्या बिलांचा अहवाल स्वच्छ दिसतो. तसं करू नये. पुरवठादाराच्या वहीत ते बिल 12 तारखेपासून थकलेलं असतं, आपल्या वहीत ते वेळेवर दिसतं, आणि वर्षअखेरीला दोन्ही खाती जुळवताना कोणालाच कारण सापडत नाही. करारात उशिराच्या व्याजाचं कलम असेल तर ते मूळ तारखेपासूनच मोजलं जातं. ते माफ करा, अशी विनंती याच मेलमध्ये करणं मला शोभत नाही. एका हाताने उशीर कळवायचा आणि दुसऱ्या हाताने पुरवठादाराला त्याचा हक्क सोडायला सांगायचं, हे बरोबर नाही. व्याज देय असेल तर ते द्यावं.

बँक खात्याची ओळ काहींना अस्थानी वाटेल. पण पेमेंटच्या बदललेल्या तारखेची मेल ही फसवणूक करणाऱ्यांची आवडती जागा आहे. ‘आमच्याकडे ऑडिट चालू आहे, कृपया आपले खात्याचे तपशील पुन्हा पाठवा’, किंवा उलट पुरवठादाराच्या नावाने आम्हाला, ‘आमचं जुनं खातं ऑडिटमुळे बंद आहे, नव्या खात्यात भरा’. ऑडिट हा शब्द दोन्हीकडे खपतो, कारण तो ऐकला की लोक फारसे प्रश्न विचारत नाहीत. म्हणून खऱ्या मेलने स्पष्ट सांगावं की आम्ही काहीही मागत नाही. आणि मेल जाण्याआधी मी फोन करते, तोही मेलच्या तळाशी असलेल्या क्रमांकावर नव्हे, आमच्या नोंदीतल्या जुन्या क्रमांकावर. उशिराची बातमी माणसाच्या तोंडून कळावी, हेही त्यामागे आहे.

त्या पुरवठादाराच्या हिशेबनीस बाईंशी फोनवर बोलले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो कारणाचा नव्हताच. “मॅडम, ही तारीख मी आमच्या बँकेला देऊ का?” मी हो म्हटलं. मेल आल्यावर त्यांनी ती जशीच्या तशी बँकेला पाठवली आणि दोन आठवड्यांसाठी ओव्हरड्राफ्टची मर्यादा वाढवून घेतली. ‘ऑडिटनंतर’ असं लिहिलेली मेल कुठल्या बँकेने हातात धरली असती? आणखी एक गोष्ट मी त्यांना विचारली: ही बिलं कोणाकडे वटवली आहेत का? बिलं तारण ठेवून आधीच पैसे उचललेले असतील, तर पैसे आणि तारखेची बातमी दोन्ही त्या वित्तसंस्थेकडे जायला हवीत. त्यांनी वटवलेली नव्हती.

मेल गेली म्हणून काम संपत नाही. माझ्या वहीत 20 तारखेपुढे एक खूण होती: प्रश्न लेखी आले का? आले, पण एक जास्त आला. एका दाखल्यावर सही करणारे गृहस्थ बदली होऊन दुसऱ्या विभागात गेले होते. सोमवारी उत्तर येईना. मंगळवारी देखभाल विभागाच्या प्रमुखांनी कामाच्या नोंदवहीवरून स्वतः खात्री करून लेखी दिलं, आणि बुधवारी सकाळी दोन्ही बिलांवरचा ब्लॉक निघाला. सवडीचा मंगळवार नसता तर गाडी त्याच गृहस्थांवर अडली असती.

समजा तेही झालं नसतं आणि वित्तप्रमुखांनी आपली ओळ मागे घेतली असती, तर? तर ती बातमी बुधवारी दुपारीच पुरवठादाराला जायला हवी होती, शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या फोनची वाट बघत बसायचं नाही. आणि दुसरी तारीख देताना मी वित्तप्रमुखांनाच फोनवर घेतलं असतं. पहिली तारीख माझ्या पदाच्या नावावर चालते. दुसरी चालत नाही, तिला वरची माणसं लागतात. तिसरी तारीख देणाऱ्या कंपनीचं मग कोणी ऐकत नाही, आणि पुढच्या दरपत्रकात त्याची किंमत निमूटपणे चढवलेली असते.

गुरुवारी, 26 तारखेला पैसे निघाले तसं मी बिलांचे क्रमांक, कापलेला कर आणि बँकेचा संदर्भ क्रमांक असलेला पेमेंटचा तपशील पाठवला. मूळ मेललाच उत्तर म्हणून पाठवला, नवी मेल काढली नाही. म्हणजे उशीर, तारीख आणि जमा, तिन्ही एका साखळीत राहतात आणि वर्षाने कोणी ते बिल काढलं तर शोधाशोध करावी लागत नाही. शुक्रवारी दुपारी बाईंचं एका ओळीचं उत्तर आलं: दोन्ही जमा, 418 मध्ये कापलेल्या कराचं प्रमाणपत्र कधी मिळेल? ते कर विभागाकडून यायचं होतं. मी त्यांच्याकडून तारीख घेतली आणि बाईंना कळवली.